आवाजात लाल भोपळा, पट्टीवर सीताफल

दिल्लीच्या एका स्वयंपाकघरात एक बाई ओट्यापाशी उभ्या आहेत. समोर जाड सालीची, आतून केशरी अशी मोठी फोड ठेवली आहे. त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "आज हम बनाएंगे खट्टी-मीठी सीताफल की सब्ज़ी." म्हणता म्हणता ती फोड उचलून दाखवतात आणि पडद्याच्या खालच्या बाजूला पट्टी उमटते: ‘सीताफल – ५०० ग्राम’.

दिल्लीत आणि पश्चिम उत्तर प्रदेशात लाल भोपळ्याला सर्रास सीताफल म्हणतात. आपण ज्याला सीताफळ म्हणतो, त्याचं तिकडचं नाव शरीफा. मेथ्यांची फोडणी, आमचुराचा आंबटपणा आणि थोडा गूळ घातलेली ही भाजी तिकडे पुरीबरोबर लग्नाकार्यात आणि भंडाऱ्यात हमखास असते. असा आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ मराठीत आणायचा आहे असं समजू. काम वरवर सोपं वाटतं. हिंदी आणि मराठी शेजारच्या भाषा, लिपी एकच, वाक्यांची चालही बरीच मिळतीजुळती. पण स्वयंपाकाच्या डबिंगमध्ये हे शेजारपणच घोटाळे करतं.

मूळ व्हिडिओ तमिळ असता तर एक त्रास वाचला असता. पट्टीवरची तमिळ अक्षरं आपल्या प्रेक्षकाला वाचताच येत नाहीत, त्यामुळे त्याची नजर तिथे थांबत नाही. हिंदी पट्टी मात्र न ठरवताही वाचली जाते. कानावर ‘लाल भोपळा’ पडतो, डोळ्यांना ‘सीताफल’ दिसतं आणि साताऱ्याची प्रेक्षक बुचकळ्यात पडते, की भाजीत सीताफळाचा गरही घालायचा आहे का? बरं, भाजी गोडसर आहे. तेव्हा ही शंका वेडगळ म्हणून उडवूनही लावता येत नाही.

म्हणजे आवाज आणि पट्टी ही दोन वेगळी कामं नाहीत. तरी पुष्कळ ठिकाणी ती वेगळीच चालतात. संवाद लिहिणारा एक, ध्वनिमुद्रण करणारा दुसरा, पट्ट्या बनवणारा तिसरा, आणि तिघांची गाठ पडते ती व्हिडिओ लोकांपुढे गेल्यावर. यावर उपाय अगदी साधा आहे. संवादाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी जिन्नसांची यादी करायची आणि ती सगळ्यांनी मान्य करून पक्की करायची. यादी मात्र विचारपूर्वक करावी लागते, कारण खरा पेच हिंदीतून मराठीत येण्याचा नसतो. मराठीत आल्यावर कुठल्या मराठीत यायचं, हा असतो.

त्या केशरी फोडीचंच बघा. मुंबई-पुण्याकडे तो लाल भोपळा. खानदेशात आणि मराठवाड्यात डांगर, काही गावांत काशीफळ किंवा गंगाफळ. विदर्भात कोहळं. गोव्यात दुदी. नावं अनेक असणं हे काही संकट नाही; संकट हे की यातल्या बऱ्याच नावांना दुसऱ्या मुलखात दुसराच अर्थ आहे. पुण्या-कोकणातल्या घरात डांगर म्हणजे उडदाचं पीठ दह्याताकात कालवून केलेलं तोंडीलावणं. पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हणजे पांढुरक्या सालीचं ते फळ, ज्याचा पेठा होतो आणि जे दुकानाच्या दाराशी दृष्ट लागू नये म्हणून टांगतात. गोव्याची दुदी रत्नागिरीपुढे आलेल्याला दुधीच वाटणार. आणि नुसतं ‘भोपळा’ म्हणावं, तर पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दुधी भोपळाच उभा राहतो.

यातलं कुठलं नाव घ्यायचं? बहुतेक जण सांगतील, जास्तीत जास्त लोक वापरतात ते. कुणी म्हणेल, कोशात आहे ते. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात निघाला. कुठला शब्द कुठल्या भागातला, हे कळायला तो आजही उपयोगी पडतो, आणि या कामात तो हाताशी असावाच. पण आज बाजारात भाजीवाली टोपलीकडे बोट दाखवून काय म्हणते, हे कोश सांगू शकत नाही. माझ्या मते कसोटी वेगळी हवी: जे नाव ऐकून कुणीही चुकीची वस्तू आणणार नाही, ते नाव. एखादं नाव प्रेक्षकाला ठाऊकच नसेल तर तो पडद्याकडे बघतो, शेजारी विचारतो, निदान थांबतो. पण ओळखीचं नाव भलत्याच वस्तूचं असेल तर तो न थांबता ती भलतीच वस्तू आणून मोकळा होतो. न कळलेल्या नावापेक्षा चुकीचं कळलेलं नाव जास्त नुकसान करतं.

या कसोटीवर ‘कोहळा’ पहिल्याच फेरीत बाद होतो. तो नागपुरात एक वस्तू आहे आणि पुण्यात दुसरी. ‘डांगर’ फारसं धोक्याचं नाही, कारण पिठाचं डांगर सुरीनं चिरता येत नाही, चित्र बघून कोणीही सावरून घेईल. ‘लाल भोपळा’ ऐकून मात्र जळगावात काय किंवा चंद्रपुरात काय, कोणी दुसरं काही आणणार नाही. फार तर म्हणेल, हे पुणेरी बोलणं झालं. तेवढं चालून जातं. एक अट मात्र पाळावी लागते. ‘लाल’ हे विशेषण शेवटपर्यंत सोडायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या उल्लेखात लेखक कंटाळून नुसता ‘भोपळा’ लिहितो आणि केलेल्या कामावर पाणी पडतं.

यादीच्या पहिल्या रकान्यात म्हणून नाव लिहायचंच नाही. तिथे फोटो लावायचा किंवा शास्त्रीय नाव लिहायचं. कुकुर्बिटा म्हटलं की तो भोपळा आणि बेनिन्कासा म्हटलं की पेठ्याचा कोहळा, यात वादाला जागा उरत नाही. मराठी विश्वकोशात अशा वनस्पतींच्या नोंदीत शास्त्रीय नाव दिलेलं असतं, ते उतरवून घ्यावं. दुसऱ्या रकान्यात मूळ व्हिडिओतलं हिंदी नाव, तिसऱ्यात आपण ठरवलेलं मराठी नाव, चौथ्यात एखादं पर्यायी नाव, आणि पाचव्यात जे नाव चुकूनही वापरायचं नाही ते. हा पाचवा रकाना लोक विसरतात, पण पट्ट्या बनवणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

आता एक फरक ध्यानात घ्यायला हवा. भोपळा पडद्यावर दिसतो. आवाजात काहीही म्हणा, केशरी फोड समोर आहे. ती स्वतःच सांगते की मी कोण. पूड असं काही सांगत नाही. वाटीतल्या तपकिरी पुडीकडे बघून ती धन्याची आहे की आमचुराची, हे अनुभवी सुगरणही छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून जिथे चित्र मदत करत नाही तिथे नावाची काळजी दुप्पट घ्यायची. आमच्या या भाजीत अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा धन्याची. बाई आधी ‘धनिया पाउडर’ घालतात आणि शेवटी ‘हरा धनिया’ भुरभुरवतात. हिंदीत दोन्हीकडे धनियाच. मराठीत बियांना धने आणि पाल्याला कोथिंबीर. वाक्य न बघता नुसता शब्द बदलत गेलेल्या संहितेत मग ‘कोथिंबीर पावडर’ असा प्रकार सापडतो, आणि पट्टीवर तो आला की पुसता पुसला जात नाही. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी हे तिकडचं आवडतं खाणं. पण ‘वरून सांबार घाला’ असं ऐकून मुंबईची प्रेक्षक इडलीबरोबरची आमटी आठवील. त्यामुळे ‘सांबार’ पाचव्या रकान्यात जातं. कोथिंबीर हा शब्द विदर्भात सगळ्यांना कळतो, म्हणून तिकडच्या प्रेक्षकाचं यात काही अडत नाही.

दुसरी जागा आमचुराची. कच्च्या आंब्याच्या वाळवलेल्या फोडींची ही पूड. मराठीत आमचूर हाच शब्द चालतो, म्हणून लेखक निर्धास्त असतो. पण कोकणात याच्या अगदी जवळचा शब्द घरोघर बोलला जातो: आमसूल, म्हणजे कोकमाची वाळवलेली साल. दोन्ही आंबट, दोन्ही भाजीआमटीत पडणारे, आणि घाईत बोलताना दोन्हींचा उच्चार एकमेकांवर सांडतो. इथे आवाजाला पट्टीचा आधार लागतो. ‘आमचूर’ म्हणताना ‘चू’ स्पष्ट उच्चारायला कलाकाराला सांगावं लागतं आणि नेमक्या त्याच क्षणी पट्टीवर ‘आमचूर पूड’ दिसावी लागते. मूळ पट्टीवर नुसतं ‘अमचूर’ असेल, तरी आपण ‘पूड’ जोडलेलं बरं.

तिसरी जागा मला सर्वांत अवघड वाटते, ती लाल मिरचीची. हिंदी ‘लाल मिर्च पाउडर’ म्हणजे आपलं तिखट, संपला विषय, असं वाटतं. पण कोल्हापूर-सांगलीकडे रोजच्या भाजीत जी लाल पूड पडते तिला घरात चटणी म्हणतात, आणि ती नुसती मिरचीची नसते. कांदा, लसूण, खोबरं आणि मसाले घालून ती वर्षाची करून ठेवलेली असते. दिल्लीची ही भाजी मात्र बहुधा कांदा-लसणाशिवायच करतात. भंडाऱ्याच्या जेवणात तर तो नसतोच. कोल्हापूरच्या बाईंनी नेहमीच्या डब्यातला चमचाभर मसाला घातला, तर भाजी चवदार होईल, पण ही भाजी ती उरणार नाही. त्यामुळे नुसतं ‘तिखट’ पुरत नाही. आवाजात एकदा ‘नुसत्या लाल मिरचीची पूड’ म्हणायचं आणि पट्टीवरही ‘लाल मिरची पूड’ लिहायचं. बोलताना ते जरा पुस्तकी वाटतं. इथे ते चालवून घ्यावं.

मेथीदाणे आणि बडीशेप यांचं फारसं काही नाही. सौंफला विदर्भात सोप म्हणतात, पण बडीशेप सगळीकडे ओळखतात. पुढच्या ‘भूनना’ या क्रियापदाकडे मात्र एकदा बघून घ्यावं. हिंदीत कोरडी मेथी कढईत फिरवली तरी भूनना आणि मसाला तेलात फिरवला तरी भूनना. आपण पहिल्याला भाजणं म्हणतो आणि दुसऱ्याला परतणं. या भाजीत तेल आधी तापतं, म्हणून इथे परतणं.

नावं ठरली, आता ती तोंडात बसवायची. पूर्ण लांबीच्या चित्रपटात ओठांशी आवाज जुळवणं हे मोठं काम असतं. स्वयंपाकाच्या व्हिडिओत त्यातलं बरंचसं काम कॅमेराच करून टाकतो, कारण निम्म्याहून अधिक वेळ पडद्यावर हात आणि कढई असते, चेहरा नसतो. म्हणून संहितेत प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करून ठेवतात: तोंड दिसतं की नाही. तोंड दिसत असलेल्या वाक्यांत जिथे ओठ मिटतात ते प, फ, ब, भ, म बघायचे. बाकीच्या वाक्यांत फक्त वेळ सांभाळायचा.

आमचं पहिलं वाक्य तोंड दिसणारं आहे. सरळ भाषांतर केलं तर होईल, ‘आज आपण करणार आहोत लाल भोपळ्याची आंबट-गोड भाजी.’ लांबीला ते बसतं; हिंदीत सोळा अक्षरांचा उच्चार, इथे सतरा. तरी ते चालत नाही. बाई फोड उचलतात ती ‘सीताफल की सब्ज़ी’ म्हणताना, वाक्याच्या शेवटी. आपल्या वाक्यात भोपळा मध्येच येऊन जातो आणि हात वर जाताना आवाज ‘आंबट-गोड भाजी’ म्हणत असतो. त्याच क्षणी येणारी पट्टीही मग उशिरा आल्यासारखी वाटते. म्हणून वाक्य फिरवायचं: ‘आज करू या आंबट-गोड भाजी... लाल भोपळ्याची.’ आता नाव, हात आणि पट्टी एकत्र येतात. शेवटच्या तुकड्यात हिंदीत ओठ दोनदा मिटतात, एकदा फ-वर आणि एकदा ब-वर. मराठीतही दोनदाच, भ-वर आणि प-वर. जागा तंतोतंत जुळत नाही, पण कंबरेपासून वरचं दृश्य असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही. अगदी जवळून घेतलेलं दृश्य असतं तर कलाकाराला ‘लाल’ किंचित लांबवायला सांगितलं असतं. मराठीत वाक्याच्या शेवटी असं नाव ठेवून बोलण्याची रीत आहेच, त्यामुळे वाक्य ओढूनताणून केल्यासारखंही वाटत नाही.

पर्यायी नावं सांगायची जागा दुसऱ्या वाक्यात मिळते. तिथे बाई भोपळा सालीसकट चिरताहेत, पडद्यावर फक्त सुरी आणि हात, आणि मूळ व्हिडिओत चार-पाच सेकंद शांतता आहे, नुसता सुरीचा आवाज. एरवी अशा शांततेला हात लावू नये. चिरण्याचा, फोडणी तडतडण्याचा आवाज ऐकायला लोक असे व्हिडिओ बघतात. पण ही एक जागा वापरायला हरकत नाही: ‘कुठे याला डांगर म्हणतात, विदर्भात कोहळं.’ एवढंच आणि एकदाच. जे नाव आपण पट्टीसाठी बाद केलं तेच इथे चालतं, कारण इथे ते एकटं येत नाही. समोर फोड आहे आणि मागे ‘लाल भोपळा’ येऊन गेला आहे. नागपूरच्या बाईंना आपला शब्द ऐकून बरं वाटतं, हा वरचा फायदा. पाच नावांची जंत्री मात्र वाचायची नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटचंच राहतं आणि ते बहुधा त्याच्या कामाचं नसतं.

या शांततेवरून एक गोष्ट आली, ती इथेच सांगतो. ज्या व्हिडिओत बोलणं एका पटावर आणि बाकीचे आवाज दुसऱ्या पटावर वेगळे मिळतात, तिथे हिंदी काढून मराठी घालणं सोपं असतं. पुष्कळदा सगळं एकत्रच मिळतं. मग हिंदी आवाज पुसला की फोडणीही मुकी होते आणि मोहरीचा तडतडाट स्टुडिओत पुन्हा तयार करावा लागतो.

आता पट्ट्या. सगळ्यात आधी मूळ निर्मात्याकडे एकच चौकशी करायची: बिनमजकुराचं चित्रण आहे का? म्हणजे पट्ट्या लागण्याआधीचा व्हिडिओ. तो मिळाला तर निम्मी डोकेदुखी संपते, हव्या तिथे आपल्या पट्ट्या लावता येतात. नाही मिळाला, तर हिंदी अक्षरं चित्रातच मिसळलेली असतात आणि ती झाकावी लागतात. काही जण हिंदी तशीच ठेवून वर मराठी पट्टी लावतात. याहून वाईट काही नाही. एकाच वस्तूची दोन नावं एकाच लिपीत, एकाखाली एक, आणि त्यातलं एक भलत्याच फळाचं.

झाकताना एक बारीक जागा चुकते. हिंदी पट्टी एकदम येत नाही, हळूहळू गडद होत येते. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला बहुधा पंचवीस चित्रं असतात. पट्टी पूर्ण दिसायला त्यातली दहा-बारा जातात. झाकणारा कलाकार पट्टी जिथे स्पष्ट दिसते तिथून आपली पट्टी सुरू करतो, आणि मग अर्ध्या सेकंदापुरतं फिकट ‘सीताफल’ लकाकून जातं. साध्या वेगात बघताना ते दिसतं न दिसतं, पण डोळा ते टिपतो. म्हणून सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडे चित्र एकेक करून सरकवून बघायचं. पट्टीखालून हात गेला असेल, तर झाकण सपाट रंगाचंच ठेवावं. हाताचा रंग जुळवायच्या नादात ते ठिगळासारखं दिसतं.

मराठी मजकूर हिंदीपेक्षा लांब होतो, हा नेहमीचा अनुभव. ‘सीताफल – ५०० ग्राम’च्या जागी ‘लाल भोपळा (डांगर) – ५०० ग्रॅम’ बसवायचं, तर अक्षर लहान करावं लागतं आणि फोनवर बघणाऱ्याला ते दिसत नाही. माझा कल पर्यायी नाव धावत्या पट्टीवर न देण्याकडे असतो. ते एकदा आवाजात येतं आणि एकदा शेवटच्या साहित्याच्या पाटीवर. पट्टी किती वेळ ठेवायची याचंही एक ठोकळ माप आहे: ती सावकाश, ओठांतल्या ओठांत दोनदा वाचून व्हायला हवी. वाचून होत नसेल तर मजकूर कमी करायचा.

शुद्धलेखनाचा प्रश्न इथे वेगळ्या वाटेने येतो. आवाजात कलाकार ‘जिरं’, ‘खोबरं’ म्हणते, कारण मराठी माणूस तसंच बोलतो. छापील मराठीत बहुधा ‘जिरे’, ‘खोबरे’ असतं. हा विरोध मानायचा का? मी मानत नाही, पण एक पक्कं ठरवायला लागतं: पट्ट्यांवर सगळीकडे छापील रूप किंवा सगळीकडे बोलीतलं रूप. एका पट्टीवर ‘जिरे’ आणि पुढच्या पट्टीवर ‘खोबरं’ असं दिसलं, की काम दोन हातांनी झाल्याचं उघड होतं. ‘ग्राम’ मात्र कुठेही राहता कामा नये. हिंदीत ते वजन आहे, मराठीत गाव. आपण ग्रॅम लिहितो. घाईत आकडा तसाच ठेवून फक्त नाव बदललं जातं आणि हा शब्द हमखास मागे राहतो.

अक्षरांचाही त्रास असतो. हिंदीसाठी निवडलेल्या टंकात ‘ळ’ असतो, पण ‘ऱ्या’ पुष्कळदा नीट उमटत नाही; ‘खोबऱ्याचा कीस’ मधला अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा निराळी आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये या वळणांबाबत निर्णयही काढला. चित्रफीत जुळवण्याच्या काही आज्ञावलींत भारतीय लिपीची सोय चालू करून घेतली नाही, तर ‘कोथिंबीर’ची ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. पट्ट्या बनवणाऱ्याला मराठी येत नसेल, आणि बहुतेकदा येत नसते, तर त्याला यातलं काहीच चूक वाटत नाही. म्हणून कामाआधी त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्यायची: ‘कोथिंबीर, चिंच, मेथ्या, खोबऱ्याचा कीस, लाल भोपळा, ग्रॅम’. ही ओळ नीट उमटली तर बाकीचं उमटेल.

पट्ट्यांशिवायही पडद्यावर वाचण्यासारखं बरंच असतं. बाईंच्या ओट्यावरच्या बरण्यांवर ‘मेथी दाना’, ‘अजवाइन’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. त्या झाकत बसू नये; ते त्यांचं घर आहे आणि प्रेक्षकाला ते कळतं. पण बरणी हातात घेऊन कॅमेऱ्यापुढे धरली, तर तिथे आवाजाने नाव सांगायलाच हवं आणि शेजारी छोटी पट्टी हवी. दुकानात मिळणाऱ्या बंद पाकिटांचं निराळं आहे. त्यांच्यावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत देणं कायद्याने चालतं, मराठी असेलच असं नाही. मराठी प्रेक्षकाला दुकानात जे पाकीट मिळणार, त्यावर ‘अमचूर’च लिहिलेलं असेल. अशा वेळी पट्टीवर ‘आमचूर पूड’ आणि शेवटच्या पाटीवर ‘पाकिटावर: अमचूर’ एवढी भर घातली, तर ती उपयोगाची असते.

ती शेवटची पाटी सर्वांत महत्त्वाची, कारण लोक तिचा फोटो काढून ठेवतात आणि बाजारात तोच फोटो उघडतात. तिथे चित्र नाही, आवाज नाही, बाईंचा हात नाही. पर्यायी नावं, ‘नुसत्या लाल मिरचीची पूड’ हा खुलासा, चमच्यांचं माप, सगळं तिथे यायला हवं. हिंदीतला ‘छोटा चम्मच’ म्हणजे पाच मिलिलिटरचा चमचा. मराठीत ‘छोटा चमचा’ लिहिलं तर चालतं, पण नुसतं ‘चमचा’ लिहू नये. मूळ पाटीवर नऊ जिन्नस असतील तर मराठीतही नऊच असायला हवेत आणि त्याच क्रमाने, कारण बाई ज्या क्रमाने घालतात त्याच क्रमाने ते लिहिलेले असतात.

तपासणीची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. आधी आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ बघायचा आणि पट्ट्यांवरची नावं कागदावर उतरवायची. मग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं आणि कानावर पडलेली नावं दुसऱ्या कागदावर लिहायची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की जिथे ‘धनेपूड’च्या समोर ‘धने’ आणि ‘लाल भोपळा’च्या समोर ‘भोपळा’ आला आहे, ते सापडतं. हे काम संवाद लिहिणाऱ्याने स्वतः करू नये. त्याला जे लिहिलं तेच ऐकू येतं. त्यानंतर ती यादी, चित्र न दाखवता, नागपूरच्या, कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या एकेका माणसाला वाचून दाखवायची. ‘कळलं का’ असं विचारायचं नाही, कारण सगळे ‘हो’ म्हणतात. विचारायचं, ‘दुकानात जाऊन काय मागाल?’ कोल्हापूरकर म्हणाला, ‘चटणी तर घरातच आहे,’ की समजायचं, मिरचीच्या वाक्यावर अजून काम बाकी आहे.

हे सगळं ध्वनिमुद्रणाच्या आधी व्हावं, नंतर नाही. पट्टी बदलायला संगणकापाशी पाच मिनिटं लागतात, पण आवाजातला एक शब्द बदलायला कलाकाराला पुन्हा बोलवावं लागतं आणि महिन्याभराने म्हटलेला एक शब्द जुन्या वाक्यात कधीच नीट मिसळत नाही. घसा वेगळा असतो, मायक्रोफोनपासूनचं अंतर वेगळं असतं. नाइलाजाने बदलायचंच झालं, तर नुसता शब्द नाही, संपूर्ण वाक्य पुन्हा म्हणून घ्यावं. आणि बदल आधी यादीत करावा, मग संहितेत, मग पट्टीवर, मग शेवटच्या पाटीवर. बहुतेकदा उलट होतं: कुणीतरी फोनवर सांगतं, पट्टी बदलली जाते आणि आवाज मागे राहतो.

काही गोष्टी कितीही केलं तरी सुटत नाहीत. बाई शेवटी कढईकडे बोट दाखवून हसत म्हणतात की शरीफा आणि सीताफल यांत गल्लत करू नका हं, शरीफा वेगळा. दिल्लीच्या प्रेक्षकाला हा विनोद कळतो. मराठीत त्याचं काहीच उरत नाही, कारण आपण सीताफळाचं नावच घेतलेलं नाही. चेहरा पडद्यावर आहे, ओठ हलताहेत, साडेतीन सेकंद भरायचे आहेत. अशा जागी मी शब्दाला शब्द शोधत नाही. ‘भोपळा नीट पिकलेला घ्या हं, कोवळा नको,’ असं काहीतरी कामाचं, तेवढ्याच लांबीचं वाक्य घालतो. हसून सांगण्यासारखंच आहे ते, आणि या भाजीला पिकलेला भोपळाच लागतो. फक्त वाक्य लिहून झालं, की पुन्हा एकदा वर जाऊन बघतो, ‘लाल’ राहिलं तर नाही ना.